साठ सेकंदांत सासर-माहेर बसत नाही

भोंगवलीच्या दूध संकलन केंद्रावर आमच्या शेजारची सून नऊ वर्षं दुधाची फॅट तपासत होती. कापूरहोळच्या पुढे हमरस्त्यावर एका रुग्णालयाला चौकशी-खिडकीसाठी माणूस हवा होता. अर्जासोबत साठ सेकंदांचा व्हिडिओ मागितला होता आणि त्यावरूनच मुलाखतीला बोलावणार होते. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहाची. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालेला शेजारी, म्हणून तिने लिहिलेला कागद दुपारी माझ्याकडे आला.

कागदावर आधी गाव, मग सासऱ्यांचं नाव, नवऱ्याचं, वेल्ह्याचं माहेर, वडिलांचं नाव. मी घड्याळ लावून वाचायला सांगितलं. कामाचा पहिला शब्द सव्विसाव्या सेकंदाला आला. शेवटची ओळ होती, ‘मला या कामाचा अनुभव नाही.’

ती ओळ मी आधी खोडली. म्हटलं, "अनुभव आहे तो सांग. केंद्रावर भांडणं होतात का?"

"रोजच की, काका. फॅट कमी लागली की माणसं अंगावर येत्यात."

"मग काय करतेस?"

"त्यांच्यासमोर दुसरा नमुना घेऊन परत यंत्राला लावते. आकडा त्यांनाच वाचायला सांगते."

हे लिहून घेतलं. संगणकाचा वर्ग केला होता, ती एक ओळ. हे काम का हवं, त्याच्या दोन. एकूण एकशेवीस शब्दांच्या आत. राहिलं सासर-माहेर.

ती अडली. "सासऱ्यांचं नाव न्हाई घेतलं तर कसं दिसंल? लोक म्हणतील, कुणाची कोण."

ओसरीवर शेंगा फोडणाऱ्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सून बघायचीय व्हय? कामाला माणूस पायजे त्यांना. तुझं नाव सांग आन् मोकळी हो."

"आत्या, तुमीच रागवाल म्हणून..."

"माझं नाव कुठं हुतं त्यात? तुझ्या सासऱ्याचंच हुतं."

पहिला व्हिडिओ एकाहत्तर सेकंदांचा झाला. दुसऱ्यात ती कागदाकडेच बघत होती. कागद काढून घेतल्यावर तिसरा सत्तावन्न सेकंदांत बसला. त्यात दोन शब्द चुकले, पण ती समोर बघून बोलली. तोच पाठवला. पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

आठवड्याने मुलाखतीला बोलावणं आलं. तिथे विचारलं, "इथे फॅटचं यंत्र नाही. पेशंटचा नातेवाईक ओरडायला लागला तर?"

तिने सांगितलं, "आधी त्यांचं पुरतं ऐकून घेईन. मला माहीत नसेल ते माहीत नाही म्हणेन, आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्यापर्यंत स्वतः घेऊन जाईन."

तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. आता सकाळच्या एसटीने जाते. केंद्रावर तिच्या जागी सासूबाई बसायला तयार होत्या, पण चष्म्याशिवाय त्यांना आकडा दिसत नाही आणि चष्मा त्या लावत नाहीत.