पडझडीच्या आधी लिहिलेला कागद

लॉकडाऊनच्या सुरुवातीला शेअर बाजार कोसळला, तेव्हा मी दिवसातून वीसेकदा मोबाइल उघडून पाहायचो. मी देऊळघाटला शिक्षक. लेकीच्या शिक्षणासाठी कित्येक वर्षं म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपी भरत आलो होतो. एका दुपारी सगळं विकून टाकलं, एसआयपीही बंद केली. जिवाला फार हलकं वाटलं.

चिखलीला आमच्या फंडांचं काम पाहणाऱ्या ताई फोन करत होत्या. मी उचललेच नाहीत.

काही महिन्यांत बाजार वर आला. पुन्हा पडेल तेव्हा घेऊ, म्हणून मी थांबलो. तो पडला नाही. शेवटी सगळेच घेतायत हे पाहून, विकलं त्याहून चढ्या भावात परत घेतलं.

मान खाली घालून, बायकोला सोबत घेऊन ताईंकडे गेलो. वाटलं होतं, बोलणी बसतील.

"सर, मीबी असंच केलं होतं," त्या म्हणाल्या. "या धंद्यात नवी होती तेव्हा. घाबरून विकलं, अन् महाग झाल्यावर घेतलं. आता डोकं शांत आहे, तर कागदावर लिहून ठेवा. घाबरल्यावर काही सुचत नाही."

त्यांनी माझ्याच हातानं लिहून घेतलं. सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरच्या फंडात नाही. लेकीचं कॉलेज जवळ येईल तसा फंडातला पैसा थोडा थोडा मुदत ठेवीत. बाजार पडला म्हणून एसआयपी बंद नाही. विकावंसं वाटलं तर कारण लिहायचं, तीस दिवस थांबायचं, अन् दोघांच्या सह्या. खाली आम्ही नवरा-बायको दोघांनीही सही केली.

पुढे परत पडझड आली. टीव्हीवर आरडाओरडा सुरू झाला तसा मी कारण लिहायला बसलो: 'अजून पडेल.'

बायकोनं वाचलं. "हे कारण आहे काय? पोरीच्या फीचे पैसे तर ठेवीत आहेत. मंग घाई काऊन?"

तिनं सही केली नाही.

बाजार खरंच अजून पडला, आणि बरेच महिने तसाच राहिला. तीस दिवस मात्र केव्हाच उलटून गेले होते, आणि विकायची इच्छाही मावळली होती. एसआयपी चालू होती, त्या महिन्यांत स्वस्तात जास्त युनिट्स मिळत गेली. हळूहळू सगळं सावरलं. सावरायला अजून वर्षं लागली असती, तरी लेकीची फी अडली नसती.

ती आता नागपूरला शिकते. तिला पोचवून येताना आम्ही चिखलीला उतरलो, ताईंना पेढे दिले.

"मी काय केलं जी? तुम्हीच थांबले," त्या म्हणाल्या.

मी बायकोकडे पाहिलं. ती ताईंना दुसरा पेढा घेण्याचा आग्रह करत होती.