काळा खडू

लोक अमेरिकेला जातात तेव्हा विमानतळावर रडारड होते. आम्ही कोपरगावजवळच्या आमच्या गावातून नुसते नगरला निघालो होतो, तरी अर्धी गल्ली टेम्पोभोवती जमली. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण आमच्या तोंडी नगरच. ह्यांना तिथल्या एमआयडीसीत नोकरी लागली होती.

गावच्या साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. सामान आदल्या संध्याकाळी अंगणात काढून ठेवलं, तर रात्रीतून चिमणीची काजळी सगळ्यावर बसलेली. मी चरफडत गाद्या झटकत होते. "आता सुटका," मी म्हणाले. सगळ्यात शेवटी आमच्या लेकीची, स्वराची, छोटी बाज टेम्पोत चढली. सासरे, म्हणजे आमचे दादा, एवढंच म्हणाले, "पोरीला दूध प्यायला घालत जा. तिला वरची साय लागती, इसरू नको."

नगरचा फ्लॅट छान होता. दोरीवरचे कपडे पांढरेशुभ्र राहायचे, याचा मला केवढा आनंद! गावात राहिलेल्या जावांना मी व्हिडिओ कॉलवर बाल्कनी दाखवायचे. पण पहिलीतली आमची बडबडी स्वरा नव्या शाळेत गप्प झाली. घरी आली की कागदभर काळं गिरगटायची, मधे एक चौकोन कोरा सोडायचा, की झालं चित्र. ह्यांनी मोबाईलवर कुठंतरी वाचलं की काळा रंग म्हणजे मनाचा आजार. लगेच खडूंच्या पेटीतून काळा खडू काढून कपाटावर ठेवला! स्वराने मग चॉकलेटी खडूने तेच काढलं. "हिला गावी सोडून येऊ," हे म्हणाले. एकुलती एक लेक लांब ठेवायची? मी ऐकलंच नाही असं दाखवून भांडी घासायला घेतली.

त्याच आठवड्यात तिच्या वर्गशिक्षिकेची, कुलकर्णी बाईंची, चिठ्ठी आली. चित्रही सोबत होतं.

"स्वराच्या चित्रात घर, झाड, माणूस असं ओळखू येणारं काही नाही. अशा चित्रावरून, त्यातही एका रंगावरून, मुलाच्या मनाचं निदान करता येत नाही. काळा म्हणजे दुःख असं गणित नसतं. काही मुलांना तो नुसता ठळक दिसतो म्हणून आवडतो. मला जे दिसलं तेवढंच सांगते. आल्यापासून ती तेच चित्र पुन्हा पुन्हा काढते. खडू एवढा दाबते की कागद फाटतो, पण कोऱ्या चौकोनाच्या कडेला हात एकदम हलका होतो. डबा अर्धा परत नेते, मैत्रिणींत मिसळत नाही. हे सगळं मिळून वाटतं की तिच्या मनात काही मोठं चाललंय. काय, ते तिलाच ठाऊक. 'हे काय काढलंस' किंवा 'काळंच का' असं विचारू नका. शेजारी बसा, 'या चित्राबद्दल मला सांग ना' म्हणा आणि गप्प राहा. नाही सांगितलं तर आग्रह नको. रंग काढून घेऊ नका, चित्र सुधारू नका. झोपेत, जेवणात फरक पडला असेल तर कळवा. असंच चालू राहिलं तर समुपदेशक ताईंना भेटू."

चिठ्ठी वाचून हे उठले आणि कपाटावरचा खडू निमूटपणे पेटीत ठेवला. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

स्वरा चित्र काढायला बसली, मी शेजारी बसले. "मला सांग ना याच्याबद्दल," म्हणाले. गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही; ओठ दाबून बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ही काजळी. आपलं अंगण आहे." मग कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं माझी बाज हुती. उचलली ना, तर खाली सगळं स्वच्छ हुतं." आणि अगदी बारीक आवाजात, "आई, माझी जागा आता भरली असंल का गं?"

हे दारात उभं राहून ऐकत होते. ह्यांनी दादांना फोन लावला, तिनेच विचारलं. आता दादा तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी थाप मारतील, असं मला वाटलं. पण दादा म्हणाले, "भरली की गं बाय. काजळी रोजच पडती. पन सकाळी खराटा घेतला की मी आधी तुजीच जागा झाडतो. मंग बाकीचं आंगन."

त्या रात्री पोरीने पोटभर जेवण केलं. गावी सोडून यायचा विषय पुन्हा निघाला नाही. शाळेत बोलायला तिला आणखी काही आठवडे लागले. बाई मधूनमधून कळवत राहिल्या. चित्रं अजून काळीच असतात, फक्त आता चौकोनाशेजारी एक तिरकी रेघ असते. ती कसली, हे मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, खराटा.

तुमच्यापैकी काहीजण गावात राहिलात, काही माझ्यासारखे बाहेर पडलात. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी पत्ता सांगितला असता. आता हंगाम सुरू झाला की दोरीवरचे पांढरेशुभ्र कपडे काढताना माझा हात थांबतो, आणि वाटतं, दादांचं झाडून झालं असेल.