तारेने पाठवलेली तीन समीकरणं

मानोऱ्याच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले त्याला दोन वर्षं झाली होती. दहावीचा नवा अभ्यासक्रम नुकताच आला होता. आसपासच्या पाच शाळांनी मिळून पूर्वपरीक्षा एकच घ्यायचं ठरवलं आणि गणिताची प्रश्नपत्रिका काढायचं काम माझ्याकडे आलं. ते सगळ्यांना पसंत नव्हतं. दुसऱ्या शाळेतले एक जुने मास्तर वीस वर्षं गणित शिकवत होते, त्यांना हे काम हवं होतं. बैठकीत ते मला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाले होते, "नव्या पोरी आहेत, सुताच्या जागी भूत छापून आणतील." आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी पाटी धरायला शिकत होते. माझी चूक ही एकट्या माझी चूक राहणार नाही, हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं.

पत्रिका हाताने लिहून मी अकोल्याच्या छापखान्याला रजिस्टर पोस्टाने पाठवली. परीक्षेच्या दोन दिवस आधी, अकरा वाजता, पोस्टाचे तारमास्तर स्वतः शाळेत आले. एरवी तार शिपाई आणायचा. त्यांनी हेडमास्तरांच्या टेबलावर कागद ठेवला. छापखान्याने कळवलं होतं की दुसऱ्या पानावर शाईची बाटली सांडली, शेवटचे तीन प्रश्न वाचता येत नाहीत, आज पाचच्या आत पाठवा.

"आज काहून?" हेडमास्तरांनी मला विचारलं, जणू शाई मीच सांडली होती.

"संध्याकाळी छापून उद्या सकाळच्या गाडीनं गठ्ठे निघायचे आहेत, सर."

पाचच्या आत अकोल्याला पोचवील अशी गाडी केव्हाच निघून गेली होती. शाळेत फोन नव्हता, आणि पोस्टातल्या फोनवरून दोन दिवस ट्रंक कॉल लागत नव्हता. हेडमास्तरांनी तार पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "तारेनं पाठवा. पण बाई, चुकलं तर मले पाच शाळांना तोंड द्यायचं आहे."

मी वर्गात मुलांना लिहायला सांगते तसं भराभर इंग्रजीत लिहून काढलं. पहिलं समीकरण असं होतं: वर्गमूळाचं चिन्ह, त्याच्या आडव्या रेघेखाली एक्स अधिक सात, आणि बरोबरच्या पलीकडे एक्स वजा पाच. मी लिहिलं, "रूट एक्स प्लस सेव्हन इक्वल्स एक्स मायनस फाइव्ह." बाकीचीही दोन तशीच. कागद घेऊन मी तारमास्तरांबरोबर पोस्टात गेले.

तारमास्तर पन्नाशीचे, अंगाने बारीक. आपल्या खुर्चीवर बसून त्यांनी माझा कागद हातात घेतला आणि पहिल्यांदा एकच सांगितलं. "बाई, एक गोष्ट आधी सांगून देतो. माही पोरगी याच परीक्षेले बसून राह्यली. तुमच्याच वर्गात आहे. तारेतलं बाहेर न सांगण्याची मी सही केली आहे. पण तुमाले नको वाटत असन तर आत्ताच सांगा."

मला ती मुलगी माहीत होती, तिसऱ्या बाकावरची. पण ती यांची, हे माहीत नव्हतं. दुसरा माणूस तिथे नव्हता आणि दुसरा रस्ताही नव्हता. मी म्हटलं, "तुमीच पाठवा."

मग त्यांनी कागद मोठ्याने वाचला. सरळ, एकाच चालीत, प्रत्येक शब्दानंतर सारखंच थांबून. तारेच्या खटक्याला ना आवाजाचा चढउतार, ना लांब रेघ, ना बारीक अक्षर. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"मूळ कायचं आहे? एकट्या एक्सचं का सात धरून सगळ्याचं?"

"सगळ्याचं. रेघ पूर्ण—" आणि मी थांबले. कागदावर रेघ नव्हतीच.

मी कागद उलटा करून दोन्ही प्रकारे गणित सोडवलं. रेघ दोघांवर असली तर उत्तर नऊ. सोळाचं मूळ चार, आणि नऊ वजा पाच चार. मूळ फक्त एक्सचं धरलं तर उत्तर सोळा. चार अधिक सात अकरा, आणि सोळा वजा पाचही अकरा. दोन्ही उत्तरं स्वच्छ निघत होती. वेडंवाकडं उत्तर आलं असतं तर कुणाला तरी शंका आली असती. इथे पाच शाळांतली मुलं निमूट सोळा लिहून मोकळी झाली असती, आणि मी वाटलेल्या उत्तरांच्या यादीत नऊ असतं.

"मूळचं चिन्ह पाठवता येतं?" मी विचारलं.

"नाही. कंस हाय म्हणा, पण तार वाशीमले एकदा उतरवून घेतात, तिथून पुढे पुन्हा पाठवतात. मधात एखादी खूण गळली तर कोणाले समजणार? शब्द गळला तर कमी आहे हे तरी दिसते. सगळं शब्दातच लिहा. आकडेबी."

मी पुन्हा लिहायला बसले. प्रत्येक समीकरण उघडून, जे डोळ्याला आपोआप दिसतं ते शब्दांत आणायचं. कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, एवढंच. "स्क्वेअर रूट ऑफ ओपन ब्रॅकेट एक्स प्लस सेव्हन क्लोज ब्रॅकेट इक्वल्स एक्स मायनस फाइव्ह." दुसऱ्यात अपूर्णांक होता, वर एक्स अधिक तीन, खाली एक्स वजा दोन, बरोबर सहा. मी आधी नुसतं "एक्स प्लस थ्री बाय एक्स मायनस टू" लिहिलं होतं. ते वाचून कुणीही तीनच्या खाली एक्स मांडला असता आणि बाकीचं बाजूला लटकवलं असतं. आता वरच्या भागाला एक कंस, खालच्याला दुसरा, आणि मध्ये "डिव्हायडेड बाय". तिसऱ्यात दोनचा घात एक्स अधिक एक, बरोबर सोळा. "टू रेझ्ड टू पॉवर ओपन ब्रॅकेट एक्स प्लस वन क्लोज ब्रॅकेट इक्वल्स सिक्स्टीन."

तारमास्तरांनी पुन्हा तसंच वाचलं. मी डोळे मिटून ऐकलं आणि ऐकून मागच्या बाजूला लिहिलं. तिन्ही जशीच्या तशी उतरली.

"हा एक्स," ते म्हणाले, "आमी तर गुणिलेले वापरतो."

छापखान्यात खिळे जुळवणाराही तेच समजला असता. मी सुरुवातीला एक ओळ घातली, की एक्स हे अक्षर आहे, गुणाकाराचं चिन्ह नाही. शेवटी लिहिलं, कसं जुळवलं ते कळवा, जबाबी तार. उत्तरं पाठवली असती तर छापखान्यालाच पडताळा घेता आला असता, पण उत्तरं तारेवर घालायला हेडमास्तरांनी सक्त मनाई केली होती. ते बरोबरच होतं.

साडेबाराला त्यांनी पाठवायला सुरुवात केली. मी समोरच्या बाकावर बसून राहिले. माणसं येत, मनिऑर्डर लिहून घेत, तांड्यावरची एक बाई ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याचं पत्र वाचून घेऊन गेली. मी त्या कागदावर तीच समीकरणं पुन्हा पुन्हा चुकीची वाचायचा प्रयत्न करत होते.

जबाब साडेतीनला आला. तारमास्तर एकेक शब्द उतरवत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. पहिल्याबद्दल छापखान्याने लिहिलं होतं, रेघ एक्स आणि सात दोघांवर आहे. दुसऱ्याबद्दल, वर दोन पदं, खाली दोन पदं. तिसऱ्याबद्दल फक्त, "टू पॉवर एक्स प्लस वन."

"झालं?" त्यांनी विचारलं.

"तिसरं नाही झालं. एक बारीक करून वर चढवला आहे का नुसता बाजूला ठेवला आहे, हे यातून समजत नाही." बाजूला ठेवला असता तर दोनचा घात एक्स बरोबर पंधरा झालं असतं, आणि ते दहावीच्या मुलाला सुटणारं नव्हतं.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तारेची वेळ पाचपर्यंत होती. "असं विचारा की त्याले हो का नाही एवढंच सांगावं लागन."

मी लिहिलं, "तिसऱ्या प्रश्नात अधिक एक हे एक्सइतकंच बारीक आणि वर चढवलेलं आहे का, हो किंवा नाही कळवा." त्यांनी ते 'तातडीची' म्हणून पाठवलं.

पाच वाजले. त्यांनी पुढचा दरवाजा लावला आणि परत येऊन बसले. मला जा म्हणाले नाहीत. हेडमास्तर मागच्या दाराने आत आले आणि उभेच राहिले. वाशीमच्या तारबाबूने मध्येच विचारलं, बंद करू का. तारमास्तरांनी थांबायला सांगितलं. पाच वाजून वीस मिनिटांनी खटके सुरू झाले. त्यांनी पहिला शब्द लिहिला. शब्द होता, "नो." पुढचे होते, "करेक्टिंग नाऊ."

हेडमास्तर तिथल्या स्टुलावर बसले. "म्हणजे विचारलं नसतं तर—" एवढंच म्हणाले.

परीक्षेच्या सकाळी लाखेचं सील तोडून मी पहिल्यांदा शेवटचं पान पाहिलं. रेघ सातच्या पलीकडेपर्यंत गेलेली होती. अपूर्णांकाच्या वर दोन, खाली दोन. आणि दोनच्या डोक्यावर एक्स अधिक एक, तिन्ही बारीक. मी गठ्ठा वाटला, तरी पहिली पंधरा मिनिटं कुणी हात वर केला की मी लगेच त्याच्या बाकाशी जायचे. बहुतेकांना शाई हवी असायची.

पेपर तपासताना तारमास्तरांच्या मुलीचा आला. पहिल्या समीकरणात तिने वर्ग करून नऊ आणि दोन अशी दोन्ही उत्तरं लिहिली होती आणि पडताळा घेतला नव्हता. दोन टाकलं तर डावीकडे तीन येतं आणि उजवीकडे उणे तीन. मी तिचा एक गुण कापला. पोस्टात गेले तेव्हा त्यांना ते सांगितलंही.

"बरोबर केलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण उणे तीनचा वर्गबी नऊच होते ना? मंग दोन काहून नाही चालत?"

मी मनिऑर्डरच्या एका कोऱ्या फॉर्मामागे त्यांना समजावून सांगितलं की मुळाचं ते चिन्ह फक्त धन मूळच दाखवतं. त्यांना पटायला वेळ लागला. रांगेतली माणसं थांबून होती.

त्या जुन्या मास्तरांनी पुढच्या बैठकीत पत्रिकेविषयी काही काढलं नाही. त्यानंतरच्या वर्षापासून मी दहावीच्या वर्गात एक गोष्ट सुरू केली. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवायची. एकाने समीकरण वाचायचं, हात न हलवता. दुसऱ्याने ऐकून लिहायचं. जुळलं नाही तर गुण दोघांचेही जायचे. पहिल्या दिवशी वीस जोड्यांपैकी सहाच जोड्यांचं जुळलं. एका मुलाने रागावून विचारलं, "बाई, मी बरोबर सांगितलं, यानं चुकीचं लिहिलं. माहे गुण काहून गेले?"

मी त्याला समोर बोलावलं आणि त्याचंच वाक्य त्याला, तारमास्तरांसारखं, प्रत्येक शब्दानंतर सारखंच थांबत, वाचून दाखवलं.