काकांच्या पितळी बिजागऱ्या

आमच्या नारायणगुड्याच्या घरातल्या बाथरूमचं लाकडी दार खालून कुजलं होतं. खालचा चार बोटांचा भाग भिजवलेल्या टोस्टसारखा झाला होता. पावसाळ्यात दार फुगायचं आणि अडकायचं, उन्हाळ्यात आकसायचं आणि आपोआप उघडायचं. वर्षातले साधारण दोनच महिने ते दारासारखं वागायचं. त्यामुळे आमच्याकडे आत गेलेल्या माणसाने काहीतरी आवाज करत राहायची पद्धत पडली. मी खाकरायचो, बायको फोनवर बातम्या लावायची. आईला दोन्ही नामंजूर होतं. "या वयात मी खाकरत अंघोळ करू?" असं म्हणून तिने मला नवीन दार आणायला पाठवलं.

मी पीव्हीसीचं आणलं. दुकानदाराने ते एका हाताने उचलून दाखवलं आणि मी तेवढ्यावरच भाळलो. पांढरं, गुळगुळीत, पाण्याने कुजणार नाही, वाळवी लागणार नाही. घरी सुतार आला. त्याने दारावर बोटाने टकटक केली. "साब, ये अंदर से खाली है. लकडी की पट्टी सिर्फ तीन जगा डाले, ये निशान देखो. कब्जे इधरीच लगाना. हलके कब्जे, छोटे इस्क्रू." कब्जे म्हणजे बिजागऱ्या.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग वरच्या मजल्यावरून काका उतरले.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांची नोकरी सरकारी लाकूड डेपोत झाली. तिथे ते लाकूड मोजत असत, पण निवृत्त झाल्यापासून लाकडाच्या वतीने बोलतात. त्यांच्या मते माणसाचं घर दारावरून आणि दार बिजागरीवरून ओळखावं. त्यांनी जुन्या दाराच्या पितळी बिजागऱ्या काढून चिंचेने घासून ठेवल्या होत्या. एकेक चार इंची. नुसत्या हातात धरल्या तरी व्यायाम व्हावा.

"याच लागतील," काका म्हणाले. "चौकट सागाची आहे. तिच्यात यांच्याच खाचा आहेत. नव्या खाचा पाडून सागाचा अपमान करायचा नाही."

"साब, खाचे की जगा दरवाजे में पट्टी नै है. इस्क्रू किसकू पकडींगा?"

"दोन इंची घाल. पकडेल."

"आरपार निकल जाता, साब."

"मग दीड इंची घाल."

सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. वडील गेल्यापासून घरात काकांना नाही म्हणायची सवय कुणालाच राहिलेली नाही. शेवटी सुतार म्हणाला, "तुमे बोले तो लगा देतूं. बाद में मेरेकू नक्को बोलो." काकांच्या सूचनेवरून त्याने स्क्रू आधी हातोडीने अर्धे ठोकले आणि मग पिळले. आतल्या बाजूला जुन्या दाराचा लोखंडी अडसरही बसवला. तो सरकवायला आईला दोन्ही हात लागत. ते दार लाकडाचं नव्हतं, एवढं सोडलं तर अगदी जुन्यासारखं झालं.

दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्याकडे पेपर वाचत बसले होते. आईची अंघोळ संपली. अडसर सरकल्याचा आवाज आला, मग प्लॅस्टिकचा एक लांब करकराट.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"दार माझ्या हातात आलंय," आई म्हणाली.

"उघडलं का?"

"उघडलं नाही. हातात आलंय. सगळं."

काका उठले. "वहिनी, हलू नका. मी धरतो."

"भाऊजी, तुम्ही अजिबात यायचं नाही. मी साडी नेसलेली नाही."

आमच्याकडे बायका परकर-पोलक्यावर बाथरूममधून निघतात आणि साडी खोलीत नेसतात. बायको ऑफिसला गेलेली, मी मुलगा, काका दीर. खोलीपर्यंत सात पावलं. मग ते दार बाथरूममधून बाहेर आलं. उभंच्या उभं, खाली दोन ओली पावलं, वर पांढऱ्या केसांचा अंबाडा आणि मागे चौकटीलाच राहिलेल्या तीन पितळी बिजागऱ्या. काकांनी पेपर तोंडासमोर धरला. दार त्यांच्यासमोरून संथपणे गेलं, खोलीत वळलं, आणि आतून खोलीचं दार लागलं. सागाचं असतं तर तिला हे जमलं नसतं. पीव्हीसीचा हा गुण मला दुकानदाराने सांगितला नव्हता.

स्क्रू चौकटीकडून नव्हे, दाराकडून उपटले होते. बिजागरीच्या जागी पोकळ प्लॅस्टिकमध्ये बदामाएवढी भोकं पडली होती. सागाने आपलं काम केलं होतं, हे काकांनी दोनदा सांगितलं.

आईने एवढंच सांगितलं, की तिच्या पसंतीचं दार बसेपर्यंत ती या घरात अंघोळ करणार नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कापडी पिशवीत साडी आणि टॉवेल घेऊन रिक्षाने दिलसुखनगरला माझ्या बहिणीकडे जाऊ लागली. जिन्यात भेटेल त्याला कुठे निघालात याचं खरं उत्तर द्यायची. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला थांबवून विचारलं, "तुमच्याकडे पाणी येत नाही का?" त्या संध्याकाळी मी आईला घेऊन दुकानात गेलो. काका न बोलावता आले.

दुकानदाराने डब्ल्यूपीसीचं दार दाखवलं. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून केलेली भरीव फळी. काकांनी टकटक केली. आवाज भरीव आला, त्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

"भुसा कुठल्या झाडाचा?" त्यांनी विचारलं.

"साब, भुसा है. नाम पूछ के नै डालते."

आईने तुकड्यावर स्क्रू बसवून दाखवायला सांगितला. त्याने आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडलं, कडेपासून आत, मग रुंद आट्यांचा स्टेनलेसचा स्क्रू हाताने पिळला. हातोडी लावली तर आतला माल चुरतो आणि पकड जाते, म्हणाला. आईने पक्कडीने ओढून पाहिलं. मग मला ओढायला लावलं. स्क्रू आला नाही. "वजन ज्यादा है, तो कब्जे चार. तीन नक्को," असंही त्याने सांगितलं. कडीच्या जागी आईने स्टेनलेसचा लहान टॉवर बोल्ट निवडला. तिच्या सांधे दुखणाऱ्या बोटांनी तो सहज सरकत होता.

दार बसवायला तोच सुतार आला. चौकटीतल्या जुन्या खाचा त्याने लाकडाचे तुकडे डिंकाने बसवून भरल्या आणि चार नव्या पाडल्या. त्या वेळी काका गच्चीवर गेले होते. परत येऊन त्यांनी दाराभोवतीच्या बारीक फटीतून आतला उजेड पाहिला आणि हे दार लहान कापलंय असं जाहीर केलं. उन्हात फळी फुगते, जागा ठेवावी लागते, असं सुताराने सांगितलं. फुगणं काकांना मान्य होतं.

आई आत गेली. बोल्ट लावला. "भाऊजी, ढकला."

काकांनी एका हाताने ढकललं.

"नीट ढकला. त्या बिजागऱ्या लावताना जोर होता ना?"

काकांनी खांदा लावला. एकदा, दोनदा. दार हललं नाही. बोल्ट जरासा खडखडला, एवढंच. काका मागे होऊन चौथी बिजागरी वाकून पाहू लागले. आतून बादलीत पाणी पडायला लागलं. मी बहिणीला फोन करून सांगितलं, की आज आईची वाट पाहू नकोस.

"भाऊजी," आतून आवाज आला, "अजून तिथेच आहात का?"

"स्क्रू पाहतोय. स्टेनलेसचेच आहेत."

"मग वर जा आता."

आणि काका वर गेले.