बाईंची रिकामी यादी

सात वाजायला चार मिनिटं असताना बाई खुर्चीत बसतात. आधी रुमालानं कीबोर्ड पुसतात, मग चष्मा, मग पुन्हा कीबोर्ड. सव्वीस वर्षं त्यांनी कोर्टात टायपिंग केलं. निवृत्तीनंतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसायला नको, म्हणून आमच्या ऑफिसात आल्या. इथे आम्ही हेडफोन लावून लोकांची रेकॉर्ड केलेली बोलणी ऐकतो आणि जशीच्या तशी टाइप करतो. मी चाळीस वर्षं रंगभूमीवर घसा फोडला आणि आता दुसऱ्यांचे आवाज ऐकत बसतो. बाई मला ‘आजोबा’ म्हणतात. माझ्यापेक्षा जेमतेम सहा वर्षांनी लहान आहेत, पण मी कधी हरकत घेतली नाही.

त्या सकाळी बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्या प्रयोगाची भीती होती. आदल्या संध्याकाळी त्यांना बढती मिळाली होती. आता त्या टाइप करणार नव्हत्या, आमचं टाइप केलेलं तपासणार होत्या. अट कडक होती. साडेसातपर्यंत पहिलं काम उघडलं नाही की शिफ्ट गैरहजर, आणि पहिल्या आठवड्यात एक गैरहजेरी पडली की पुन्हा जुन्या जागी.

सात वाजले. बाईंनी लॉगिन केलं. पडद्यावर एकच ओळ आली : ‘तुम्हाला नेमून दिलेली कामं : ०’.

त्यांनी पान पुन्हा उघडलं. शून्यच. टेबलाखाली त्यांची चप्पल टकटक करू लागली.

“अहो बाई, सुट्टी दिली की तुम्हाला!” समोरचे कॉमेंटेटर ओरडले. त्यांचं तोंड कधी बंद नसतं, म्हणून हे नाव.

“तुमची यादी भरलीय का?” बाईंनी विचारलं.

“तुडुंब.”

“मग सगळ्यांचं बंद नाही. बिघाड माझ्याकडेच आहे.”

त्यांनी आधी फिल्टर पाहिला. काल निघताना राहिलेली कामं उरकायला त्यांनी कालची तारीख लावली होती आणि ती तशीच राहिली होती. “हा माझा गाढवपणा,” म्हणत त्यांनी फिल्टर काढला. शून्य हललं नाही.

सात वाजून अकरा.

“यादी दर दहा मिनिटांनी ताजी होते ना? थांबा जरा,” मी म्हणालो.

थांबल्या. मी आयुष्यभर विंगेत उभा राहिलोय, पण इतकी लांब दहा मिनिटं पाहिली नाहीत. बाई उठल्या, पाणी न पिताच बाटलीचं झाकण लावलं, बसल्या. एकवीस झाले. शून्य.

“माझ्या नावानं लॉगिन करा,” कॉमेंटेटर आवाज खाली आणून म्हणाले. ते स्वतःही तपासनीसच. “एक काम उघडा, वेळ मारून न्या. कोणाला कळतंय?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मोह त्यांनाही झाला होता, खोटं कशाला बोलू? हातही अर्धा पुढे गेला होता.

“हजेरी तुमची लागेल, माझी नाही. आणि उद्या चूक निघाली तर ती तुम्ही केलेली ठरेल. त्यापेक्षा तुमचा पडदा फक्त पाहू द्या.”

त्या दोन्ही पडदे आळीपाळीनं न्याहाळू लागल्या, जुन्या कागदपत्रांची प्रत मूळ कागदाशी ताडून पाहावी तशा. पदाच्या जागी दोन्हीकडे ‘तपासनीस’ होतं. म्हणजे परवानगी मिळालेली होती. मग त्यांचं बोट वरच्या कोपऱ्यात थांबलं. कॉमेंटेटरांच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘ध्वनी गट’. बाईंच्या नावाखाली ‘चित्र गट’, म्हणजे फोटोंचं काम करणाऱ्यांचा.

“आजोबा, मला चित्रवाल्यांत टाकलंय! माझी कामं ध्वनीत, आणि मी दुसऱ्याच घरी जाऊन बसलेय.”

सात चोवीस. गट बदलणं फक्त वरच्या मजल्यावरच्या अॅडमिनच्या हातात, आणि ते फोन उचलेनात. बाईंनी वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो काढला आणि तक्रार पाठवली : काय दिसतंय, काय तपासलं, गट कोणता हवा. चार ओळी, एकही उद्गारचिन्ह नाही. सत्तावीसला तक्रारीचा क्रमांक आला. तो त्यांनी हातावर पेनानं लिहिला.

तेहतीसला अॅडमिनचा फोन आला. “बाई, चूक माझी. गट बदललाय. आता बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा, नाहीतर जुनाच गट दिसत राहील. यादी यायला पाच-दहा मिनिटं लागतील.”

“आणि माझी हजेरी?”

“साडेसातच्या आधी तक्रार नोंदवलीत. शिफ्ट धरली जाईल.”

बाईंनी फोन ठेवला. टकटक तरीही थांबली नाही. लॉगिन केलं. शून्य. एक्केचाळीसला यादी भरली. अडतीस कामं! मी टाळी वाजवली, सवय जात नाही.

बाईंनी पहिलं काम उघडलं, हेडफोन लावला, ऐकलं, पुन्हा ऐकलं. चप्पल शांत झाली.

“आजोबा.”

“बोला.”

“हे तुम्ही टाइप केलंय. शेवटचा शब्द सोडलात. परत पाठवतेय.”