दशांशबाई आणि एकोणसाठ माणसं

आमच्या मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्राच्या एक बाई होत्या. बत्तीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसल्या. आम्ही निवासी डॉक्टर त्यांना मागून ‘दशांशबाई’ म्हणायचो आणि त्यांना ते ठाऊक होतं. प्रबंधाचा आराखडा एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी त्यावर त्यांची सही लागायची. त्या सहीसाठी भल्याभल्यांनी नाकं घासली होती.

माझा विषय होता लाकडाची धूळ. फर्निचरच्या कारखान्यांत घासकाम करणारे कामगार आणि तिथलेच पॅकिंगचे, गोदामाचे, ऑफिसातले लोक, असे दोन गट घ्यायचे. सुरुवातीला दोन्हीकडचे धडधाकट हवेत. मग वर्षभर त्यांच्यावर नजर ठेवायची आणि धाप व छातीतली घरघर नव्याने कुणाला सुरू होते ते मोजायचं. सगळा प्रश्न एवढाच होता की प्रत्येक गटात किती माणसं घ्यायची.

माझं उत्तर तयार होतं: एकोणसाठ. परीक्षा दीड वर्षावर आली होती आणि एकोणसाठ माणसं मी हातोहात गोळा केली असती. बाईंनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “घासकामात धोका तिप्पट आहे, हे तुला कुणी सांगितलं?”

“माझ्या गाइड सरांनी. तीन घे म्हणाले.”

“का?”

कारण उघड होतं. तीन घातलं की आकडा लहान येतो. मोठा फरक थोड्या माणसांतही दिसतो, लहान फरक शोधायला खूप माणसं लागतात. सरांनी आधी परवडणारा आकडा ठरवला होता आणि मग त्याला साजेसा धोका. आमच्याकडे हे सर्रास चालायचं आणि कुणाला त्यात काही गैर वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू?

“धोका दुप्पट निघाला, तर कारखान्यात पंखे बसवावेत असं तुला वाटेल की नाही?” बाईंनी विचारलं.

“वाटेल की.”

“मग तो दुप्पट धोका तुझ्या अभ्यासात सापडायला नको?”

त्यांनी तीनच्या जागी दोन घातले. खरा फरक शंभरातल्या ऐंशी वेळा सापडावा आणि नसलेला फरक असल्यासारखा दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांवर जाऊ नये, या अटी तशाच ठेवल्या. एकोणसाठचे एकशे सत्त्याण्णव झाले. मी मनातल्या मनात सुट्ट्या रद्द केल्या. तेवढ्यात त्यांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं.

“धुळीत नसलेल्यांपैकी दहा टक्के वर्षभरात आजारी पडतात, हे कुठून आणलंस?”

“आपल्या ओपीडीच्या रजिस्टरमधून.”

“ओपीडीत कोण येतं गं?”

ओपीडीत आजारीच येतात. त्यातही ते रजिस्टर जुने रुग्ण मोजत होतं, आणि मला हवे होते निरोगी माणसांतून नव्याने आजारी पडलेले. बाईंनी कारखान्याच्या दवाखान्यातून पॅकिंगवाल्यांच्या नोंदी मागवायला लावल्या. चार दिवसांनी त्या आल्या: वर्षाला नवे पाच टक्के. आजार जितका विरळा, तितकी माणसं जास्त. दर गटाला चारशे बत्तीस.

तिन्ही कारखाने मिळून घासकाम करणारे निरोगी कामगार होते तीनशे ऐंशी. मी कागद टेबलावर आपटला. “बाई, माणसं काय मी घरी बनवू? तुमच्या पायी माझं वर्ष जाईल.”

माझा आवाज चढला होता. सहीचं पेन उचलून त्या मोकळ्या होतील किंवा मला बाहेर काढतील, असं मला वाटलं. दोन्ही झालं नाही. त्यांनी कपाटातून एक पातळ अहवाल काढून माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या एका कारखान्यातला, एकोणतीस वर्षांपूर्वीचा. साठ घासकामवाले, साठ बाकीचे. आजारी पडले इकडे बारा, तिकडे सहा.

“दुप्पट,” मी म्हणाले.

“शेवटची ओळ वाच.”

तिथे लिहिलं होतं, ‘धुळीचा आणि आजाराचा संबंध आढळला नाही.’ अंदाजाची कक्षा शून्य पूर्णांक आठपासून पाचपर्यंत पसरली होती. धोका कमी होतो इथपासून पाचपट होतो इथपर्यंत काहीही खरं असू शकत होतं.

“साठ माणसांत दुप्पट धोका तीनदा शोधलास तर जेमतेम एकदा सापडतो,” बाई म्हणाल्या. “हे गणित माझं. नवीन होते. त्या वेळच्या साहेबांनी साठ सांगितले, मी मागून तीनपट धोका लिहून दिला. कारखान्याने ती शेवटची ओळ फाटकावर चिकटवली. माझा दादा तिथे घासकामाला होता. दुसरीकडे नोकरी मिळत होती त्याला. म्हणाला, बहिणीच्या कॉलेजनेच सांगितलंय काही होत नाही म्हणून. आणखी अकरा वर्षं राहिला. आता बाथरूमपर्यंत जाताना मध्ये खुर्चीवर बसतो.”

हे सगळं त्यांनी दशांश सांगावेत तसं सांगितलं. मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांचा रागही आला, कारण आता एकोणसाठ लिहिणं मला शक्य नव्हतं.

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. धुळीतले कमी असतील तर प्रत्येकामागे बाहेरचे तीन घ्यायचे. फरक शोधण्याची ताकद पुरते, एकूण माणसं मात्र वाढतात. धुळीतले तीनशे तेहतीस, बाहेरचे नऊशे नव्व्याण्णव. मध्येच सोडून जाणारे धरून आम्ही तीनशे ऐंशी आणि अकराशे चाळीस घेतले. सर भडकले. “परीक्षा तुझी जाणार, माझी नाही,” म्हणाले. ते खरंच झालं. माझी परीक्षा सहा महिने लांबली, आणि आईने नातेवाइकांत काय काय सांगितलं ते मी विचारलं नाही. वर्षभर मी श्वास मोजायचं फुंकणीचं यंत्र खांद्याला लावून कारखान्यांचे उंबरठे झिजवले.

शेवटी धुळीतले तीनशे चाळीस उरले, बाहेरचे एक हजार वीस. आजारी पडले एकतीस आणि एक्कावन्न. धोका एक पूर्णांक ब्याऐंशी पट आणि कक्षेचं खालचं टोक एकच्या वर, म्हणजे धोका वाढतोच: एक पूर्णांक एकोणीस. धावत मी बाईंकडे गेले. निवृत्तीला त्यांचे नऊ दिवस उरले होते. त्यांनी ते खालचं टोक स्वतः पुन्हा काढून पाहिलं. दोनदा. मी कौतुकाची वाट पाहत उभी होते.

“या एकतीस जणांना सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“औषधं चालू केलीत सगळ्यांना.”

“औषधांचं नाही विचारत. हे कशामुळे झालं, ते सांगितलंस? आणि उरलेल्या तीनशे नऊ जणांना?”

मी नाही म्हणाले. आधी प्रबंध, मग शोधनिबंध, मग काय ते, असं माझ्या डोक्यात होतं. छापून यायला वर्ष गेलं असतं.

“पाळी किती वाजता सुटते?”

“साडेपाचला.”

बाईंनी ड्रॉवरला कुलूप लावलं आणि पिशवी उचलली. साडेपाचच्या ठोक्याला आम्ही पहिल्या कारखान्याच्या फाटकावर होतो. लोक डबे घेऊन बाहेर पडत होते, केसांवर पांढरी धूळ. बाई वाटेतच उभ्या राहिल्या आणि समोरच्या पहिल्या माणसाला म्हणाल्या, “दादा, दोन मिनिटं थांबा. तुमच्याबद्दल एक सांगायचं आहे.”