दहा हुक आणि एक डबा

ऑफिसात त्याला सगळे चाळणी म्हणत. तोंडावर चाळणीसाहेब, पाठीमागे नुसतं चाळणी. त्याला दोन्ही ठाऊक होतं आणि मनातून दोन्ही आवडत होतं. जाहिरातीची पहिली ओळ, जिच्यावर वाचणाऱ्याची नजर अडकावी, तिला या धंद्यात हुक म्हणतात. असे हुक लिहिणारे पुष्कळ असतात. लिहून झाल्यावर स्वतःच्याच ओळींना कात्री लावणारा हा एकटाच, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याची पद्धत ठरलेली. वस्तूबद्दल एकच माहिती घ्यायची. ती एका कागदावर वर लिहायची. खाली कोणाला सांगायचंय, कुठे दिसणार, सूर कसा, शब्द जास्तीत जास्त किती, आणि कोणते शब्द चालणार नाहीत. या कागदाला ब्रीफ म्हणत, आणि एकदा तो ठरला की त्याला देवानेही हात लावायचा नाही. मग त्या एकाच माहितीवर दहा हुक. एक प्रश्नातून, एक प्रसंगातून, एक तक्रारीतून, एक वापरणाऱ्याच्या तोंडून, असं करत करत दहा वाटांनी त्याच दारात यायचं. त्यानंतर चाळणी. आधी पुनरुक्ती, मग अतिशयोक्ती.

घरीही हीच चाळणी चाले. बायको म्हणाली, "तुम्ही नेहमी उशिरा येता," की हा शांतपणे विचारी, नेहमी? आमटी झकास झालीय का विचारलं, तर म्हणे, पुरेशी गरम आहे. लग्नाआधी त्याने तिला "मला तू चालशील" असं सांगितलं होतं. त्याच्या चाळणीतून सुटलेलं हे एकमेव प्रेमाचं वाक्य म्हणून ती ते पाहुण्यांना ऐकवायची. "अजिबात" आणि "नेहमी" या दोन शब्दांवर तर त्याचा असा राग, की जणू त्यांनी त्याची जमीन बळकावली होती.

अशात डब्याचं काम आलं. स्वयंपाकघरातला साधा डबा, वर दाबायचं झाकण. कारखान्याने चाचणीचा कागद पाठवला होता. त्यावरून ब्रीफच्या पहिल्या रकान्यात माहिती उतरवायचं काम चाळणीचंच. कारखान्याची वाक्यं त्याला कधीच पसंत पडत नसत. भरपूर शब्द, सगळे फुगीर. त्याने नेहमीप्रमाणे (हा शब्द त्याच्याबाबतीत चालेल) छाटछाट केली आणि रकान्यात लिहिलं: झाकण एका हाताने उघडतं. स्वतःवरच खूश होऊन त्याने चहा मागवला.

दहा हुक झाले. "एका हातात फोन? डबा दुसऱ्याने उघडा." "एक हात पिठात असू दे." "कडेवर बाळ आहे, तरी डबा उघडतो." "झाकणासाठी हाक कुणाला मारता?" असे एकेक. मग चाळणी लागली. फोन, पीठ आणि बाळ, वरची सजावट काढली तर तिन्हींत एकच गोष्ट उरते, एक हात अडकलेला आहे. म्हणून फक्त बाळ ठेवलं आणि उरलेल्या दोन जागी नव्या वाटा शोधल्या. "चुटकीसरशी" उडवला, कारण किती वेळ लागतो हे ब्रीफमध्ये नाही. "बोटाच्या स्पर्शाने" उडवला, कारण माहिती हाताची आहे, बोटाची नाही. प्रत्येक ओळ ब्रीफवर ठेवून पाहिली. कुठेही एक इंचसुद्धा जास्तीचं नव्हतं. एजन्सीच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, कौतुकाने मान डोलावली आणि कारखान्यानेही होकार दिला.

नमुन्याचा डबा त्याने घरी नेला तो वडिलांसाठी. अप्पांचा उजवा हात आजारपणात गेला होता. बाकी सगळं त्यांनी पचवलं, पण बिस्किटासाठी सुनेला हाक मारणं त्यांच्या जिवावर यायचं. चाळणीने डबा काठोकाठ भरून ओट्यावर ठेवला, शेजारी जाहिरातीचा छापील नमुना ठेवला. अप्पांनी डाव्या हाताने झाकण दाबलं. उघडलं. त्यांनी परत बंद केलं आणि परत उघडलं, बिस्कीट न घेताच. पुढचे काही दिवस ते स्वयंपाकघरात विनाकारण चकरा मारू लागले. चाळणीला इतका आनंद झाला, की तो कसा बोलून दाखवावा हेच त्याला कळेना.

मोठी छपाई व्हायची होती त्याच्या आदल्या संध्याकाळी तो घरी आला, तर स्वयंपाकघरात बिस्किटांचा चुरा होता. डबा कोपऱ्यात आडवा पडला होता. अप्पा स्टुलावर बसून होते. त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती.

"घसरला," ते म्हणाले. "झाकण दाबलं की पळतोच तो."

"अहो, डबाच तसला असेल," बायको म्हणाली.

"डबा कसा असेल? छापलंय ना, एका हाताने उघडतं म्हणून. आणि ते याने लिहिलंय. हा काय उगाच लिहील?" अप्पांनी डावा हात मांडीवर उलटा ठेवला. "आता हाही गेला म्हणायचं."

चाळणीने डबा ओट्यावर ठेवून स्वतः दाबून पाहिला. तळाला चार बिस्किटं, डबा हलका, दाबताच सरकला. दुसऱ्या हाताने धरल्याशिवाय झाकण काही हलेना. मग त्याने डबा परत भरला. वजन आलं, डबा जागचा हलला नाही आणि झाकण गुमान उघडलं.

सकाळी ऑफिसात जाऊन त्याने आधी कारखान्याचा कागद काढला. "पूर्ण भरलेला डबा सपाट पृष्ठभागावर ठेवला असता झाकण एका हाताने उघडते." ते पहिले शब्द त्यानेच शोभेचे समजून उडवले होते. पुढे दहा ओळी त्याने त्या छाटलेल्या ब्रीफवर घासून घासून तपासल्या, पण ब्रीफ कशावर तपासायचा हे त्याच्या पद्धतीत कुठेच नव्हतं. आयुष्यभर फुगलेले शब्द पकडणाऱ्या माणसाला एक गोष्ट सुचली नव्हती, की शब्द कमी करूनही फुगवता येतं.

तो मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि छपाई थांबवा म्हणाला. मॅडमनी विचारलं, कोणता हुक अडला?

"दहाही. पुनरुक्ती आहे. सगळ्या ओळी एकच गोष्ट सांगताहेत."

"एकच गोष्ट सांगायची होती ना आपल्याला?"

"हो. तीच अतिशयोक्ती आहे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. ब्रीफ बदलायचा नसतो हा नियम कुणी केला, असं त्यांनी विचारलं. मी, असं तो म्हणाला. मग मॅडम बराच वेळ बोलल्या. त्यात छापखाना होता, कारखाना होता आणि चाळणीची चाळण करण्याचा मनसुबाही होता. शेवटी छपाई थांबली. "भरलेला डबा ओट्यावर ठेवा" अशी सुरुवात करून नवे दहा हुक कुणाला तरी लिहावे लागणार होते, आणि यापुढे ब्रीफ कारखान्याच्या कागदावर दुसऱ्याच माणसाने तपासायचा असं ठरलं. ते चाळणीला झोंबलं.

घरी आला तर अप्पा ओट्यापासून लांब, खिडकीशी बसले होते. डबा कुणीतरी वर फळीवर ठेवून दिला होता. चाळणीने तो खाली काढला, भरला, ओट्यावर ठेवला.

"अप्पा, हात नाही चुकला तुमचा. ओळ चुकली माझी. डबा रिकामा झाला की तो कुणाच्याच हातात राहत नाही."

अप्पांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मुलगा चुकलोय म्हणतो, ही गोष्ट त्यांना ऐकून तरी माहीत होती की नाही कोण जाणे.

"माझ्या हाताचा काही दोष नाही?"

"अजिबात नाही," चाळणी म्हणाला.

बायकोने भाजी चिरता चिरता सुरी थांबवली. अप्पा उठले, ओट्याशी आले आणि डाव्या हाताने झाकण दाबलं.